सूर्य २८ मिलिमीटरचा, नेपच्यून ९० मीटरवर: विज्ञान दिनाच्या भाषणासाठी मैदानावरची सूर्यमाला

विज्ञान दिनाला सूर्यमालेवर केलेलं भाषण बहुतेक वेळा आकड्यांत बुडतं. "सूर्यापासून पृथ्वी चौदा कोटी शहाण्णव लाख किलोमीटर दूर आहे" हे वाक्य कानावरून जातं आणि डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. वर्गातला तक्ता तर सरळ दिशाभूल करतो. पानावर मावावेत म्हणून त्यात ग्रह फुगवलेले असतात आणि अंतरं आवळलेली असतात. मैदान हाताशी असेल तर ही दोन्ही अडचणी टळतात. अट एकच: गोळ्यांचे आकार आणि त्यांच्यामधली अंतरं एकाच प्रमाणात लहान करायची. आकारांना एक प्रमाण आणि अंतरांना दुसरं, असं केलं की मैदानावर पुन्हा तो तक्ताच मांडला जातो.

बरीच मुलं प्रतिकृतीची सुरुवात चेंडूपासून करतात आणि तिथेच फसतात. फुटबॉल साधारण २२ सेंटिमीटरचा असतो. तो सूर्य मानला तर पृथ्वी येते २ मिलिमीटरची आणि जाते साडेतेवीस मीटरवर. इथवर ठीक. पण गुरू १२० मीटरच्या पुढे जातो आणि नेपच्यून ७०० मीटरच्याही पलीकडे. म्हणजे अर्धी सूर्यमाला शाळेच्या भिंतीबाहेर. म्हणून आधी मैदान मोजायचं, सगळ्यात लांबचा ग्रह त्यात कुठे मावतो ते पाहायचं आणि त्यावरून सूर्याचा आकार ठरवायचा.

साधारण १०० मीटर लांबीची सरळ रेघ मिळत असेल, कर्णाच्या दिशेने धरली तरी चालेल, तर सगळ्यात सोयीचं प्रमाण आहे १ मिलिमीटर म्हणजे ५० हजार किलोमीटर. मग १ सेंटिमीटर म्हणजे ५ लाख किलोमीटर आणि १ मीटर म्हणजे ५ कोटी किलोमीटर. हिशेब तोंडी होतो: खरं अंतर कोटी किलोमीटरमध्ये लिहायचं आणि त्याला ५ ने भागायचं, की मीटर मिळतात. पृथ्वीचे १४.९६ कोटी किलोमीटर भागिले ५, म्हणजे २.९९ मीटर. शून्यांची गफलत होते ती दशलक्ष आणि कोटी मिसळल्यामुळे. एखाद्या पुस्तकात अंतर दशलक्ष किलोमीटरमध्ये दिलेलं असेल तर आधी १० ने भागून कोटी करून घ्या, मगच पुढे जा.

या प्रमाणात मांडणी अशी येते. अंतरं सूर्यापासूनची सरासरी आहेत आणि कंसात ग्रहाचा व्यास.

बुध: १.१६ मीटर (०.१ मिमी)
शुक्र: २.१६ मीटर (०.२४ मिमी)
पृथ्वी: २.९९ मीटर (०.२५ मिमी)
मंगळ: ४.५६ मीटर (०.१४ मिमी)
गुरू: १५.६ मीटर (२.८ मिमी)
शनी: २८.७ मीटर (२.३ मिमी)
युरेनस: ५७.४ मीटर (१ मिमी)
नेपच्यून: ९० मीटर (१ मिमी)

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर आहे, म्हणजे इथे २८ मिलिमीटर. मळलेल्या मातीचा गोळा करून तो दोन पट्ट्यांमध्ये धरून मोजावा आणि वाळल्यावर पिवळा रंग द्यावा. माती वाळताना थोडी आकसते, म्हणून ओला गोळा दीड-दोन मिलिमीटर मोठाच ठेवलेला बरा. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे व्यासाच्या जागी त्रिज्या धरणं. त्यामुळे सूर्य एकदम दुप्पट किंवा निम्मा होतो आणि नुसतं पाहून ते कुणाच्याही लक्षात येत नाही. ही चूक पकडायची एक युक्ती आहे, ती पुढे येईल.

ग्रहांसाठी स्वयंपाकघरातल्या डब्यांत बरंच काही सापडतं. मोहरीचे दाणे दोन मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यातला मोठा दाणा शनी होतो. गुरूसाठी मातीची पावणेतीन मिलिमीटरची गोळी वळावी. युरेनस आणि नेपच्यूनसाठी खसखशीचा एकेक दाणा घ्यावा. पृथ्वी आणि शुक्र म्हणजे बारीक वाळूचा एकेक कण, आणि मंगळ, बुध त्याहून बारीक. कण काळ्या कार्डावर डिंकाच्या थेंबात बसवला तर निदान जवळून दिसतो. बॉलपेनने ठिपका देऊन भागवू नये. त्याची रेघ साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते, त्यामुळे पृथ्वी दुप्पट मोठी होते आणि बुध पाचपट.

एवढे बारीक ग्रह पाच पावलांवरूनही दिसणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून प्रत्येक ठिकाणी दीड मीटरच्या काठीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेली झेंडी हवी आणि काठीला डोळ्यांच्या उंचीवर ते काळं कार्ड लावलेलं हवं. जमीन कडक असेल तर काठी वाळू भरलेल्या डब्यात रोवावी. पण भाषणात हे स्पष्ट सांगावंच लागतं की झेंडी म्हणजे ग्रह नव्हे, ग्रह म्हणजे कार्डावरचा कण. न सांगितलं तर लहान मुलं झेंडीलाच ग्रह समजून घरी जातात आणि मग सगळी मेहनत वाया.

मोजणीसाठी ३० मीटरची टेप असेल तर काम सोपं होतं. शनीपर्यंतचे सगळे ग्रह एकाच टेपेत येतात, युरेनस म्हणजे एक टेप आणि वर २७.४ मीटर, आणि नेपच्यून म्हणजे बरोबर तीन टेपा. ३० आणि ६० मीटरवर खुंट्या ठोकून ठेवाव्यात. प्रत्येक अंतर सूर्यापासून मोजायचं. आधीच्या ग्रहापासून मोजत गेलं की प्रत्येक वेळची चूक पुढच्या ग्रहावर साचत जाते. टेप नसेल तर गाठी मारलेली दोरी चालेल, पण नायलॉनची नको, ती ताणली की लांब होते. पावलांनी मोजणं बाहेरच्या ग्रहांना एक वेळ खपेल, आतल्या चार ग्रहांना मुळीच नाही. नेपच्यूनच्या झेंडीत १० सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही. बुधाच्या झेंडीत तेवढाच फरक पडला तर अंतर जवळजवळ ९ टक्क्यांनी चुकतं. गंमत अशी की बुध स्वतःच याहून जास्त हलतो. त्याची कक्षा इतकी लंबगोल आहे की या मैदानावर तो कधी सूर्यापासून ९२ सेंटिमीटरवर असेल, तर कधी १ मीटर ४० सेंटिमीटरवर. आपण झेंडी लावतो ती सरासरीवर.

आता ती युक्ती. आकार आणि अंतर एकाच प्रमाणात असतील तर प्रतिकृतीतला सूर्य पृथ्वीच्या झेंडीपासून नेमका तेवढाच मोठा दिसला पाहिजे, जेवढा खरा सूर्य आकाशात दिसतो. कारण पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर सूर्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे, आणि हे गुणोत्तर प्रमाण बदललं तरी बदलत नाही. तपासायला ७ मिलिमीटर जाडीची साधी पेन्सिल घ्या. ७ गुणिले १०७ म्हणजे जवळजवळ ७५ सेंटिमीटर. पृथ्वीच्या झेंडीपाशी उभं राहून, एक डोळा मिटून, पेन्सिल डोळ्यापासून ७५ सेंटिमीटरवर उभी धरली तर मातीचा सूर्य तिच्याआड जेमतेम झाकला जायला हवा. हात पुरत नसेल तर मित्राला धरायला सांगा. गोळा पेन्सिलीच्या दोन्ही बाजूंनी ढळढळीत डोकावत असेल तर त्रिज्या-व्यासाचा घोळ झाला आहे असं समजावं. खऱ्या सूर्याकडे मात्र असं पाहायचं नाही, डोळ्यांना कायमची इजा होते. पडताळा हवाच असेल तर पौर्णिमेचा चंद्र आहे. तोही आकाशात जवळपास तेवढाच दिसतो आणि त्याच पेन्सिलीआड जातो.

हे झालं सामान. भाषणाचा खरा जीव मात्र या प्रमाणातून निघणाऱ्या एका आकड्यात आहे. प्रकाश सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर जातो. आपल्या मैदानावर ५० हजार किलोमीटरचा एक मिलिमीटर झाला आहे, म्हणजे इथला प्रकाश सेकंदाला फक्त ६ मिलिमीटर सरकतो. दहा सेकंदांत ६ सेंटिमीटर, मिनिटाला ३६ सेंटिमीटर. सूर्यापासून पृथ्वीच्या झेंडीपर्यंतचे तीन मीटर पार करायला त्याला ८ मिनिटं १९ सेकंद लागतात, आणि खऱ्या प्रकाशालाही तेवढाच वेळ लागतो. शाळेतल्या भाषणाला साधारण एवढाच वेळ मिळतो. तेव्हा भाषणाचं घड्याळ प्रकाशालाच करावं.

त्यासाठी सूर्य व्यासपीठासमोर टेबलावर ठेवावा, म्हणजे मंगळापर्यंतचा भाग प्रेक्षकांच्या अगदी पुढ्यात येईल आणि बाकीची रेघ मैदानभर लांब जाईल. प्रेक्षक रेघेच्या एका बाजूला, तिला समांतर बसलेले असावेत. रेघेच्या टोकाशी बसवलं तर सगळ्या झेंड्या एकामागे एक लपतात. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत तीन मीटरची कागदी पट्टी जमिनीवर ताणून तिच्यावर दर ६ सेंटिमीटरला खूण करावी. एका मुलीकडे स्टॉपवॉच आणि लाल कापड बांधलेली काठी द्यावी. ती दर दहा सेकंदांनी काठी एका खुणेवर पुढे टेकवेल. सलग हळूहळू सरकवायला सांगितलं तर हमखास वेग वाढतो आणि शुक्र दीड मिनिट आधीच येतो. एकेक खूण टप्प्याटप्प्याने गाठणं जास्त अचूक होतं. मंगळापासून पुढच्या झेंड्या सुरुवातीला जमिनीवर आडव्या ठेवायच्या आणि प्रत्येकीपाशी एकेक विद्यार्थी बसवायचा.

बोलणाऱ्याने माइक सोडून हिंडू नये. सुरुवात अशी करता येईल:

"या टेबलावरचा २८ मिलिमीटरचा गोळा म्हणजे आपला सूर्य. आत्ता त्याच्यातून प्रकाशाचा एक किरण निघाला आहे. लाल काठी घेतलेली माझी मैत्रीण म्हणजे तो किरण. ती मुंगीपेक्षाही हळू चालली आहे म्हणून तिला हसू नका. या मैदानावर तिच्याहून वेगाने काहीच जाऊ शकत नाही. ती पृथ्वीपाशी पोहोचेल तेव्हाच माझं भाषण संपेल."

यानंतरची तीन मिनिटं प्रमाण समजावण्यात घालवावीत: एक मिलिमीटर म्हणजे किती, सूर्य एवढा का, पृथ्वी वाळूच्या कणाएवढी का. इथे आकडे दोनच द्यावेत, जास्त नकोत. ३ मिनिटं १३ सेकंदांनी काठी बुधाच्या झेंडीला लागते. तिथे बसलेल्या मुलाने हात वर करून "बुध!" असं ओरडायचं. वाक्य अर्धवट तुटलं तरी चालेल, उलट तुटलेलंच बरं. किरण आपल्या सोयीसाठी थांबत नाही, हे तिथे आपोआप कळतं.

बुध ते शुक्र हा पावणेतीन मिनिटांचा वेळ पृथ्वी आणि चंद्रासाठी ठेवावा.

"पृथ्वीच्या कार्डावर वाळूचा एक कण आहे. त्याच्यापासून पावणेआठ मिलिमीटरवर आणखी एक ठिपका आहे, केसाच्या जाडीएवढा. तो चंद्र. माणूस आजवर अवकाशात जास्तीत जास्त लांब गेला तो चंद्रापर्यंत, म्हणजे या कार्डावर सुमारे आठ मिलिमीटर. माझ्या करंगळीच्या नखापुरता. आणि मंगळाची झेंडी पृथ्वीच्या झेंडीपासून दीड मीटरवर आहे."

हे दीड मीटर म्हणजे मंगळ आपल्या सर्वांत जवळ येतो तेव्हाचं साधारण अंतर, हेही जोडून सांगावं. मंगळ सूर्याच्या पलीकडे असतो तेव्हा तेच अंतर साडेसात मीटर होतं. इथेच तो मोठा गैरसमजही काढता येतो: ग्रह असे एका रांगेत उभे नसतात. रांग आपण मोजायला सोपी म्हणून केली. मैदानात जागा असेल तर सूर्याभोवती २.९९ आणि ४.५६ मीटर त्रिज्येची दोन वर्तुळं दोरीने आखून त्यावर फक्की टाकावी. पृथ्वी त्या वर्तुळावरून दिवसाला साधारण ५ सेंटिमीटर सरकते आणि वर्षात पुन्हा त्याच जागी येते.

६ मिनिटं आणि एक सेकंदाला शुक्र. इथून बाहेरच्या ग्रहांकडे वळावं, पण आधी प्रेक्षकांना विचारावं: "सूर्य इथे, नेपच्यून तिकडे मैदानाच्या टोकाला. गुरू कुठे असेल?" बहुतेक हात मैदानाच्या मध्याकडे जातात. मग एका मुलाने सूर्यापासून निघून सेकंदाला एक मीटर या बेताने चालत जायचं आणि तो ज्या ग्रहापाशी पोहोचेल त्याची झेंडी उभी करायची. पाचव्या सेकंदाला मंगळ, सोळाव्याला गुरू, एकोणतिसाव्याला शनी. एवढं झालं तरी मैदानाचा दोन तृतीयांश भाग शिल्लक असतो. मध्यावर, ४५ मीटरवर, काहीही नाही. सत्तावन्नाव्या सेकंदाला युरेनस, म्हणजे शनीच्या बरोबर दुप्पट अंतरावर, आणि नव्वदाव्या सेकंदाला नेपच्यून. शनी ते नेपच्यून या एका मिनिटात बोलणाऱ्याने गप्प राहावं. कधी संपणार, असं प्रेक्षकांना वाटलंच पाहिजे. घाईने पुढचं वाक्य टाकलं की ती रिकामी जागा कुणाला जाणवत नाही.

चालणारा मुलगा या मैदानावर सेकंदाला ५ कोटी किलोमीटर जातो, म्हणजे प्रकाशापेक्षा सुमारे १६७ पट वेगाने. चाणाक्ष श्रोता हे हटकून विचारतो, म्हणून आपणच सांगून टाकावं: असं प्रत्यक्षात शक्य नाही, हा मुलगा फक्त झेंड्या उचलायला निघाला आहे. लाल काठीला नेपच्यूनपर्यंत जायचं असेल तर ४ तास १० मिनिटं लागतील.

नेपच्यूनपाशी उभ्या असलेल्या मुलाला २८ मिलिमीटरचा सूर्य ९० मीटरवरून जेमतेम दिसतो. त्याचा कोन साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा भरतो आणि निरोगी डोळ्याची मर्यादा तेवढीच असते. म्हणून सूर्यामागे गडद कापड लावावं. खरा सूर्य मात्र नेपच्यूनवरूनही डोळे दिपवण्याइतका प्रखर आहे. तिथे पोहोचणारा प्रकाश पृथ्वीच्या सुमारे नऊशेव्या भागाइतका उरतो, कारण अंतर तीसपट झालं की प्रकाश तीस गुणिले तीस पटीने विरळ होतो. मातीचा गोळा उजेड देत नाही. ही प्रतिकृतीची एक मर्यादा आहे आणि ती बोलून दाखवावी.

उरलेल्या पाऊण मिनिटात दोनच वाक्यं:

"१९७७ साली पृथ्वीवरून निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान आता या गोळ्यापासून सुमारे ५०० मीटरवर, म्हणजे शाळेच्या आवाराबाहेर पोहोचलं आहे. आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, याच प्रमाणात ठेवायचा तर इथून ८०० किलोमीटर लांब जावं लागेल."

८०० किलोमीटरवर कोणतं शहर येतं ते नकाशावर सरळ रेघ मारून आधी शोधून ठेवावं आणि भाषणात त्याचं नाव घ्यावं. रस्त्याचं अंतर धरू नये, ते वळणांमुळे जास्त भरतं. ८ मिनिटं १९ सेकंदांनी काठी पृथ्वीच्या झेंडीला टेकते. तेव्हा आणखी एक गोष्ट सांगता येते: किरण निघाल्यापासून आत्तापर्यंत पृथ्वी स्वतःच्या कक्षेत ०.३ मिलिमीटर पुढे गेली, म्हणजे आपल्या व्यासाहून थोडी जास्त.

प्रश्न विचारले जातात त्यात पहिला प्लूटोचाच असतो. २००६ पासून त्याची गणना बटुग्रहांत होते. या मैदानावर त्याचं सरासरी अंतर ११८ मीटर येतं, पण त्याची कक्षा इतकी लंबगोल आहे की तो ८९ ते १४७ मीटरमध्ये फिरतो. म्हणजे कधीकधी तो नेपच्यूनहूनही सूर्याच्या जवळ येतो. दुसरा प्रश्न लघुग्रहांचा. त्यांचा मुख्य पट्टा साधारण साडेसहा ते दहा मीटरच्या दरम्यान येतो, पण त्यातला सर्वांत मोठा सीरिजसुद्धा या प्रमाणात ०.०२ मिलिमीटरचा होतो. तेव्हा तिथे खडे पसरून ठेवण्याचा मोह आवरावा. चित्रांत दिसते तशी दगडांची दाटी प्रत्यक्षात नाही, तिथून यानं बिनधोक पार जातात.

मैदान लहान असेल आणि जेमतेम ५० मीटरची रेघ मिळत असेल तर सगळं निम्मं करावं: १ मिलिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. सूर्य १४ मिलिमीटरचा, पृथ्वी दीड मीटरवर, नेपच्यून ४५ मीटरवर. पट्टीवरच्या खुणा मग दर ३ सेंटिमीटरला करायच्या, कारण प्रकाशही सेकंदाला ३ मिलिमीटरच जाईल. भाषणाची वेळ मात्र बदलत नाही. अंतर आणि वेग दोन्ही सारखेच घटल्यामुळे काठी पृथ्वीपाशी तेव्हाही ८ मिनिटं १९ सेकंदांनीच पोहोचते. बुध आणि मंगळ या प्रमाणात डोळ्यांना दिसण्याच्या पलीकडे जातात. त्यांच्या कार्डावर नुसतं रिकामं वर्तुळ आखून खाली "ग्रह इथे आहे, ०.०५ मिमी" असं लिहिलेलं चालतं. मंगळासाठी तो आकडा ०.०७ करायचा.